एकच आकडा, तीन खोल्या : औषध कंपनीची जाहिरात कशी वाचावी

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली. यंदा ॲनॅलिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले. तीन ठिकाणांहून बोलावणे आहे. अंकलेश्वरला क्यूसी ट्रेनी, जाहिरातीत ‘एफपी/स्टॅबिलिटी, एचपीएलसी, डिझोल्यूशन, रोटेशनल शिफ्ट’ असे आहे. नाशिकला ‘रिसर्च असोसिएट, आर अँड डी’, त्यात ‘रूटीन ॲनॅलिसिस, स्टॅबिलिटी सॅम्पल्स, कॅलिब्रेशन, डॉक्युमेंटेशन’, एक वर्षाचा करार. मुंबईला ‘रेग्युलेटरी अफेअर्स असोसिएट, आरओडब्ल्यू’, त्यात ‘डॉसिअर कम्पायलेशन, सीओपीपी, आर्टवर्क, सॅम्पल डिस्पॅच’. पगार थोड्याफार फरकाने सारखाच. घरचे म्हणतात आर अँड डी घे. काय करू?

उत्तर :

तुमच्या जागी मी असतो तर अंकलेश्वरला गेलो असतो. क्यूसी, म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासणारा विभाग, हे नाव मोठे आहे म्हणून नव्हे, तर त्या जाहिरातीत ‘एफपी/स्टॅबिलिटी’ आणि ‘डिझोल्यूशन’ हे शब्द आहेत म्हणून. नाशिकच्या जागेवर आर अँड डीची पाटी असली तरी आतले काम क्यूसीचेच दिसते, आणि तेही कराराचे. मुंबईची जागा वाईट नाही, पण ती आज घेतली तर प्रयोगशाळेचे दार तुमच्यामागे बंद होईल. हे निष्कर्ष मी तुमच्या जाहिरातींतल्या शब्दांवरूनच काढले आहेत, आणि ते कसे काढले हे सांगितल्याशिवाय या उत्तराचा तुम्हाला पुढच्या जाहिरातीच्या वेळी काही उपयोग होणार नाही.

मी अमळनेर तालुक्यातला. सुरुवातीची पाच वर्षे क्यूसीत काढली, नंतर ॲनॅलिटिकल डेव्हलपमेंटमध्ये गेलो आणि आता रेग्युलेटरीत, म्हणजे औषधांच्या सरकारी मंजुऱ्यांचे काम बघणाऱ्या विभागात आहे. गावी गेलो की मावशी अजूनही विचारते, ‘तू गोया बनाडस का?’ मी आजवर एकही गोळी बनवलेली नाही, हे तिला पटत नाही. या तिन्ही विभागांत बाजारात जाणारी गोळी कोणीच बनवत नाही. तिच्याबद्दलचा एखादा आकडा मात्र तिन्ही खोल्यांत फिरतो आणि प्रत्येक खोलीत त्याला वेगळा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न कोणता हे कळले की जाहिरातीचे मथळे बाजूला ठेवता येतात.

एक आकडा घेऊन बघू. 500 मिलिग्रॅमच्या एका साध्या गोळीची डिझोल्यूशनची चाचणी चालू आहे. 900 मिलिलिटर माध्यम भरलेली सहा भांडी, तापमान 37 अंश सेल्सिअस, मिनिटाला 50 फेरे घेणारी पॅडल, आणि प्रत्येक भांड्यात एक गोळी. तीस मिनिटांनी नमुना काढायचा, गाळायचा आणि त्यात किती औषध विरघळले ते मोजायचे. मंजूर मर्यादा अशी, की तीस मिनिटांत ‘क्यू’, म्हणजे विरघळायला हवे ते ठरलेले प्रमाण, 80 टक्के. निकाल आले : 91, 93, 88, 90, 82, 92.

नवखा माणूस म्हणेल, सगळे 80 च्या वर आहेत, पास. हे चुकीचे आहे, आणि मुलाखतीत हा प्रश्न हटकून विचारला जातो. अमेरिकन फार्माकोपियाच्या पद्धतीत पहिल्या टप्प्यावर सहापैकी प्रत्येक गोळी क्यू अधिक 5, म्हणजे इथे 85 टक्के किंवा त्याहून अधिक विरघळली पाहिजे. 82 मुळे पहिला टप्पा पार पडला नाही. पण म्हणून बॅच नापासही झाली नाही. दुसऱ्या टप्प्यात आणखी सहा गोळ्या घ्यायच्या. बाराही गोळ्यांची सरासरी क्यूइतकी किंवा त्याहून जास्त हवी आणि एकही गोळी क्यू वजा 15, म्हणजे 65 च्या खाली जाता कामा नये. पुढच्या सहांचे आकडे आले 89, 86, 91, 84, 90, 88. बारांची सरासरी 88.7. बॅच नियमानुसार पास.

क्यूसीचा प्रश्न हा, की हा आकडा खरा आहे का आणि तो मर्यादेत बसतो का. पाचव्या भांड्यातले 82 हे गोळीमुळे आले की माझ्या कामामुळे? पॅडलखाली पावडरचा ढीग साचला होता का, गोळीला हवेचा बुडबुडा चिकटला होता का, फिल्टरने औषध धरून ठेवले का, नमुना काढायला उशीर झाला का? चांगला ॲनालिस्ट चाचणी चालू असताना भांड्यांकडे बघतो आणि जे दिसले ते त्याच वेळी नोंदवतो. ‘पाचव्या भांड्यात गोळी तळाला चिकटून राहिली’ एवढे एक वाक्य जागेवर लिहिलेले असेल तर पुढे त्यावर तपास उभा राहतो. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या त्याच वाक्याला किंमत नसते. शिवाय आधीच्या वीस बॅचेस पहिल्याच टप्प्यात 90 च्या पुढे जात असतील, तर ही बॅच पास असूनही तिचा कल नेहमीपेक्षा वेगळा आहे, अशी नोंद काढावी लागते. तिला आमच्यात ओओटी म्हणतात. मर्यादेबाहेरच्या निकालाला ओओएस म्हणतात, आणि ही दोन नावे जिथे गंभीरपणे घेतली जातात तिथेच क्यूसी शिकायला मिळते.

आर अँड डीचा प्रश्न वेगळा. तिथे विचारतात, असे का होते? फॉर्म्युलेशनचा, म्हणजे गोळीची कृती ठरवणारा माणूस बॅचचे रेकॉर्ड मागवतो. गोळ्यांचा कठीणपणा वाढला होता का? मॅग्नेशियम स्टिअरेट शेवटी घालून थोडाच वेळ मिसळायचे असते. ते जास्त वेळ मिसळले गेले तर कणांवर त्याचा पाणी न धरणारा थर बसतो आणि गोळी हळू विरघळते. तीन मिनिटांऐवजी ब्लेंडर दहा मिनिटे फिरला असेल तर 82 चे कारण तिथे सापडू शकते. ॲनॅलिटिकल डेव्हलपमेंटचा माणूस, म्हणजे तुमच्या पदवीचा माणूस, त्याच्या शेजारी बसून आणखी एक प्रश्न विचारतो : चांगली गोळी आणि वाईट गोळी यांतला फरक ही पद्धत दाखवते का? माध्यम इतके उदार असेल की काहीही टाकले तरी 95 टक्के विरघळते, तर ती पद्धत कुचकामी आहे. माध्यम कोणते, फेरे किती, वेळ किती, हे तो ठरवतो, मग ती पद्धत सिद्ध करून क्यूसीच्या हातात देतो. क्यूसीचा माणूस ती पद्धत पाळतो, तिच्यात बदल करत नाही. दोन्हीकडे तेच एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र असते, म्हणून बाहेरून कामे सारखी दिसतात.

तिसऱ्या खोलीत, रेग्युलेटरीत, आकडा कागदावरून येतो. समजा उत्पादन विभाग म्हणाला, दर खेपेला दुसऱ्या टप्प्यात जाणे परवडत नाही, क्यू 80 वरून 75 करून टाका. रेग्युलेटरीचा माणूस आधी उघडतो तो नोंदणीचा दस्तऐवज, आणि बघतो की कोणत्या देशाला आपण काय लिहून दिले आहे. अमेरिकेत मंजूर मर्यादा सैल करायची असेल तर साधारणपणे आधी अर्ज करून मंजुरीची वाट बघावी लागते, तोवर नव्या मर्यादेने सोडलेला माल तिथे पाठवता येत नाही. हीच गोळी आणखी दहा देशांत जात असेल तर दहा वेगळे नियम, दहा वेगळ्या मुदती. मग तो क्यूसीकडून बॅचेसचे निकाल मागवतो, आर अँड डीकडून गोळी वेळेनुसार किती विरघळते याचे प्रोफाइल मागवतो आणि बहुतेक वेळा उत्पादनाला सांगतो, की मर्यादेला हात लावू नका, ब्लेंडरचा वेळ सांभाळा. हे सांगायला त्याला डिझोल्यूशनचे भांडे कधीतरी जवळून पाहिलेले असावे लागते. न पाहिलेला माणूस फक्त कागद पुढे सरकवतो.

आता तुमच्या जाहिरातींकडे येऊ. जाहिरातीत मथळा कंपनीचा एचआर विभाग लिहितो, पण कामाची यादी बहुधा त्या विभागाच्या मॅनेजरकडून आलेली असते. म्हणून मथळ्याऐवजी यादीतली नामे वाचावीत, म्हणजे कशाची चाचणी, कोणते यंत्र, कोणता कागद.

क्यूसीच्या जाहिरातीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द असतो तो विभागाचा. आरएम म्हणजे कच्चा माल. तिथे टायट्रेशन, आर्द्रता, आयआर, थोडे एचपीएलसी असते, आणि पहिले सहा महिने त्यात जाणे चांगलेच. पीएम म्हणजे पॅकिंग मटेरियल : कार्टनची मापे, फॉइलची जाडी, कागदाचे जीएसएम. काम गरजेचे आहे, पण एम.एस्सी. झालेल्या मुलीने दोन वर्षे पीएममध्ये काढली तर तिसऱ्या वर्षी ‘एचपीएलसीवर हात आहे का’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. आपल्याकडची कितीतरी मुले अशी अडकलेली मी पाहिली आहेत, कारण जाहिरातीत नुसते ‘क्यूसी ऑफिसर’ होते आणि कोणता सेक्शन हे त्यांनी विचारले नव्हते. एफपी म्हणजे तयार माल आणि स्टॅबिलिटी म्हणजे महिनोन्‌महिने ठरावीक तापमानाला व आर्द्रतेला ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी, उदाहरणार्थ 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेला सहा महिने. या दोन सेक्शनमध्ये ॲसे म्हणजे औषधाचे प्रमाण, अशुद्धी आणि डिझोल्यूशन अशा तिन्ही चाचण्या रोज हाताखालून जातात. शिवाय औषध काळानुसार कसे बिघडते हे स्टॅबिलिटीचे आकडे बघता बघता आपोआप समजत जाते, आणि पुढे आर अँड डी किंवा रेग्युलेटरीत जायचे असेल तर नेमके तेच भांडवल कामी येते. तुमच्या अंकलेश्वरच्या जाहिरातीत हे दोन्ही शब्द आहेत.

‘डिझोल्यूशन’ या शब्दावरून आणखी एक गोष्ट कळते, की तो कारखाना गोळ्या-कॅप्सूलचा आहे. अंकलेश्वर म्हटले की आपल्याकडे बल्क ड्रगचे, म्हणजे औषधाचे मूळ रसायन बनवणारे कारखाने डोळ्यांसमोर येतात. तिथल्या जाहिरातीत डिझोल्यूशन सहसा नसते, त्याऐवजी जीसी, रेसिड्युअल सॉल्व्हंट, इंटरमीजिएट हे शब्द असतात. तशी जाहिरात आली तर ती कमी प्रतीची समजू नका. फॉर्म्युलेशन कंपन्यांच्या रेग्युलेटरी विभागाच्या जाहिराती पुष्कळदा फक्त बी.फार्म. आणि एम.फार्म. मागतात आणि एम.एस्सी.चा अर्ज तिथे चाळणीतच गळतो. बल्क ड्रगच्या कंपन्यांत मात्र रेग्युलेटरीचे काम म्हणजे मुख्यतः रसायनाची कहाणी लिहिणे असते, म्हणून तिथे एम.एस्सी.वाल्यांना दार उघडे असते. तुम्हाला पाच वर्षांनी रेग्युलेटरीत जायचे मनात असेल तर हा रस्ता लक्षात असू द्या.

नाशिकची जाहिरात. आर अँड डीची प्रयोगशाळा असेल तर यादीत काही शब्द यायलाच हवेत : मेथड डेव्हलपमेंट, मेथड व्हॅलिडेशन, फोर्स्ड डिग्रेडेशन, इम्प्युरिटी प्रोफाइलिंग, मेथड ट्रान्सफर. फोर्स्ड डिग्रेडेशन म्हणजे औषधाला मुद्दाम आम्ल, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांनी छळायचे आणि त्यातून निर्माण झालेली अशुद्धी एचपीएलसीच्या आलेखात औषधाच्या मुख्य शिखरापासून वेगळी दिसते का ते बघायचे. ज्याने हे काम एकदा मन लावून केले त्याला तो आलेख, म्हणजे क्रोमॅटोग्राम, वाचता येतो. तुमच्या जाहिरातीत यातला एकही शब्द नाही. रूटीन ॲनॅलिसिस, स्टॅबिलिटी सॅम्पल्स, कॅलिब्रेशन, डॉक्युमेंटेशन ही चार कामे क्यूसीची आहेत. मोठ्या आर अँड डी केंद्रांत विकासाच्या बॅचेसचे नमुने ढिगाने येतात आणि ते संपवण्यासाठी करारावर माणसे घेतात. पद्धत तयार करणारा गट शेजारच्या टेबलावर असतो, पण त्या टेबलापर्यंत वर्षभरात पोहोचाल याची खात्री नाही. वर करारातले ॲनॅलिसिस बहुधा विकासाचे, म्हणजे क्यूसीइतक्या कडक शिस्तीचे नसते. त्यामुळे वर्षाअखेरीस आर अँड डीचा अनुभव हाती येत नाही आणि क्यूसीवालेही तुमचा अनुभव अर्धाच धरतात. हा माझा अंदाज जाहिरातीवरून आहे. खात्री करायची तर मुलाखतीत एकच प्रश्न विचारा : ‘पहिल्या वर्षात मला एखाद्या पद्धतीच्या व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल लिहायला मिळेल का?’ हो म्हणाले, कोणत्या गटात तेही सांगितले, तर माझे मत बदलेल आणि नाशिक पहिल्या क्रमांकावर येईल. ‘बघू, काम शिकाल तसे’ असे उत्तर आले तर ते नाही समजा. करार कोणाच्या नावाने आहे हेही विचारा. थर्ड पार्टी पेरोल असेल तर अनुभवाचे पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे मिळते, कंपनीचे नाही, आणि पुढच्या ठिकाणी ते समजावून सांगत बसावे लागते.

घरचे आर अँड डी म्हणतात ते समजू शकते. शिरपूरच्या किंवा जळगावच्या कॉलेजात संशोधन या शब्दाला जो मान असतो तोच ते कंपनीत धरून चालतात. कंपनीत पाटीपेक्षा रोज संध्याकाळी तुम्ही कोणत्या कागदावर सही करता याला अर्थ असतो.

मुंबईची जागा. आरओडब्ल्यू म्हणजे अमेरिका, युरोप अशा कडक बाजारांबाहेरचे देश. यादीत डॉसिअर कम्पायलेशन, म्हणजे नोंदणीच्या दस्तऐवजाची जुळवणी, हा एक शब्द कामाचा आहे, बाकीचे तीन कारकुनी समन्वयाचे आहेत. सीओपीपी म्हणजे औषध आपल्या देशात परवानाधारक आहे असे सरकारी प्रमाणपत्र काढणे, आर्टवर्क म्हणजे लेबल आणि कार्टनवरचा मजकूर तपासणे, सॅम्पल डिस्पॅच म्हणजे नोंदणीसाठी नमुने पाठवणे. यातून देशोदेशींच्या कार्यपद्धती कळतात आणि छोट्या निर्यात कंपनीत मुलगी वर्षभरात स्वतंत्रपणे फाइल सांभाळू लागते, हेही खरे. परंतु आतल्या विज्ञानाला हात लागत नाही. रेग्युलेटरीची खोल जागा ओळखायची तर यादीत मॉड्यूल 3, क्वेरी रिस्पॉन्स, चेंज कंट्रोल असेसमेंट असे शब्द शोधावेत. मॉड्यूल 3 हा नोंदणीच्या दस्तऐवजाचा गुणवत्तेचा भाग. त्यात 3.2.P.5.1 मध्ये मर्यादा असतात आणि 3.2.P.8 मध्ये स्टॅबिलिटी. एखादा परदेशी परीक्षक लिहून पाठवतो, ‘तुमच्या बॅचेस 90 टक्के विरघळतात, मग मर्यादा 75 का ठेवली?’ त्याला मुदतीत उत्तर द्यायचे असते. ज्याने 82 चा आकडा स्वतः पाहिलेला आहे तो हे उत्तर लिहू शकतो. म्हणून कडक बाजाराच्या रेग्युलेटरीत दोन-तीन वर्षांचा क्यूसी किंवा डेव्हलपमेंटचा अनुभव असलेली माणसे आवडीने घेतात.

उलटा प्रवास मात्र जवळजवळ होत नाही. दोन वर्षे कागदावर काम केलेल्याला पुन्हा एचपीएलसीसमोर कोणी बसवत नाही, कारण फ्रेशर त्याहून स्वस्त मिळतो. क्यूसीतून डेव्हलपमेंटकडे जाण्यालाही वेळेची मर्यादा आहे. दोन ते तीन वर्षांत गेलात तर बरे. पाच-सहा वर्षांनी क्यूसीतला पगार वाढलेला असतो आणि डेव्हलपमेंटवाले तुम्हाला तिथे नवशिक्याच धरतात, त्यामुळे व्यवहार जुळत नाही. मी स्वतः पाच वर्षांनी गेलो तेव्हा पगार कमी घेऊनच गेलो होतो. काही ठिकाणी क्यूसीतच एएमव्ही किंवा एएमटी नावाचा छोटा गट असतो, पद्धतींचे व्हॅलिडेशन आणि ट्रान्सफर करणारा. त्यात शिरता आले तर कंपनी न बदलता अर्धा रस्ता कापला जातो.

क्यूसीची जागा घ्या म्हणताना तिची काळी बाजूही सांगितली पाहिजे. माझी पहिली नोकरी गुजरातेत होती, कंपनीचे नाव घेत नाही. तिथे बॅचचा नमुना अधिकृत सिक्वेन्समध्ये लावण्याआधी वेगळ्या फोल्डरमध्ये एकदा चालवून बघायची पद्धत होती. वरिष्ठ म्हणायचे, ‘सेट झालंय का बघ.’ आकडा चांगला आला की अधिकृत चालवायचे, नाही आला की नमुना पुन्हा तयार करायचा. मी सहा-सात महिने ते केले आणि ते कौशल्य आहे असेच मला वाटत होते. एका तपासणीत आलेल्या बाईंनी कोणाला काही न विचारता संगणकावर ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी केव्हा काय केले याची आपोआप होणारी नोंद, उघडला आणि ‘ट्रायल’ नावाच्या फोल्डरमधली इंजेक्शने वेळेनुसार अधिकृत निकालांशेजारी लावली. पहिल्याच बॅचला अधिकृत निकाल 98.6 होता, त्याआधी चाळीस मिनिटे चालवलेला 93.8. मर्यादा होती 95 ते 105. नियम असा आहे, की मर्यादेबाहेरचा निकाल आला तर द्रावणे फेकायची नाहीत, वजन, पातळीकरण, स्टँडर्ड, यंत्र यांत ठोस चूक सापडते का ते आधी शोधायचे, आणि चूक सापडली नाही तर तो निकाल उभा राहतो. पुन्हा पुन्हा करून पास मिळवणे किंवा नापास निकाल पास निकालात मिसळून सरासरी काढणे चालत नाही. आमच्याकडे तो 93.8 मुळी जन्मलाच नव्हता. पुढचे चार महिने आम्ही जुने फोल्डर उपसत होतो. वरिष्ठांना जावे लागले, आणि लॉगिन त्यांचे असले तरी हात माझे होते, हे मला अजून विसरता येत नाही.

अशी जागा बाहेरून ओळखता येते. मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा साधेपणाने विचारा, ‘ॲनालिस्टला स्वतःचे लॉगिन केव्हा मिळते?’ शिस्तीच्या ठिकाणी लगेच उत्तर येते : आधी एसओपीचे प्रशिक्षण, मग ॲनालिस्ट क्वालिफिकेशन, म्हणजे ज्याचा निकाल माहीत आहे असा नमुना तुमच्याकडून करून घेऊन जुळवणे, आणि मग स्वतंत्र लॉगिन. तोवर नमुने अधिकृत अहवालासाठी हातात देत नाहीत. ‘सुरुवातीला सरांच्या आयडीवर करतात सगळे’ असे हसत सांगितले तर दुसरी नोकरी बघा, पगार काहीही असो. घरी बसून करण्याजोगे कामही आहे. अमेरिकी औषध प्रशासनाची वॉर्निंग लेटर्स fda.gov या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधता येतात. पत्र निघालेले असेल तर ते कोणत्या कारखान्याबद्दल आहे, किती जुने आहे आणि आरोप नेमका काय आहे ते पूर्ण वाचा. गळक्या छताबद्दलचे पत्र आणि पुसलेल्या डेटाबद्दलचे पत्र एकाच मापाने मोजू नये. आठ वर्षांपूर्वी पत्र येऊन सुधारलेल्या कारखान्यात कधी कधी सगळ्यात कडक शिस्त असते.

जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्हड’ असा शब्द दिसला तर गोंधळू नका. त्याचा अमेरिकेशी संबंध नाही. राज्याच्या औषध प्रशासनाने त्या कारखान्याच्या परवान्यावर चाचणीसाठी मान्य केलेला केमिस्ट, असा त्याचा अर्थ. फ्रेशरकडे तो असणे शक्य नाही, म्हणून तो शब्द बघून अर्ज टाळू नका. पण कामाला लागल्यावर तुमचे नाव मंजुरीला कधी पाठवणार हे विचारत राहा आणि नोकरी सोडताना मंजुरीच्या पत्राची प्रत जवळ ठेवा.

रोटेशनल शिफ्टबद्दल. क्यूसी चोवीस तास चालते आणि महिनाअखेरीस माल सोडायची घाई असते, तेव्हा आठ तासांचे दहा-अकरा होतात. मुलींना कोणत्या शिफ्ट देतात, रात्री परतायला कंपनीची बस कुठपर्यंत सोडते, हे आधी विचारा, नुसत्या ‘सोय आहे’ या उत्तरावर थांबू नका. त्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलायला मिळाले तर उत्तम. अंकलेश्वरच्या कारखान्यांत आपल्या नंदुरबार, अमळनेर, धरणगावकडची पुष्कळ माणसे आहेत, ओळख काढायला दोन फोन पुरतात. सणाला अमळनेरहून सुरतमार्गे ये-जा होते, हा मुद्दा पगाराच्या कागदावर दिसत नसला तरी पहिल्या वर्षी टिकून राहायला तो उपयोगी पडतो.

रुजू होताना बाँड पुढे केला तर मुदत आणि रक्कम वाचूनच सही करा, मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. नेमणूकपत्रात ‘क्यूसी’ एवढेच असेल तर एफपी/स्टॅबिलिटी सेक्शन असा उल्लेख मागा. पत्रात घालता येत नसेल तर एचआरला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. सुरुवातीचे काही महिने आरएममध्ये बसवले तर कुरकूर करू नका, पण सहा महिने उलटूनही पीएममध्येच असाल तर तो ईमेल काढून सेक्शन हेडसमोर ठेवा.